शिलाई युनिटचा रोजचा तक्ता : टार्गेट, निघालेला माल आणि रिजेक्ट

रोजचा उत्पादन तक्ता म्हणजे शिलाई युनिटच्या एका दिवसाचा एका पानावर मांडलेला हिशेब. किती पीस निघायला हवे होते, किती निघाले, किती दुरुस्तीला परत गेले आणि किती कायमचे बाद झाले, हे त्यातून कळायला हवे. दुकानात मिळणाऱ्या छापील वह्यांत बहुधा तीनच रकाने असतात : टार्गेट, उत्पादन, रिजेक्ट. दुरुस्तीला गेलेल्या पीसला, म्हणजे कारखान्याच्या भाषेत अल्टरला, त्यात जागाच नसते. मग तो पीस एकतर कुठेच लिहिला जात नाही, नाहीतर दोनदा लिहिला जातो. या तक्त्याची बहुतेक दुखणी इथूनच सुरू होतात.

सोलापुरात शालेय गणवेश शिवणारी पुष्कळ छोटी युनिटे आहेत. तशाच एका युनिटचा नमुना पुढच्या हिशेबासाठी घेतला आहे. अर्ध्या बाह्यांचा गणवेशाचा शर्ट, एकच लाइन, मशीनवर १६ कारागीर, शिवाय धागे कापायला आणि बंडल पोचवायला मदतनीस. कामाची वेळ सकाळी ९ ते संध्याकाळी साडेपाच, मध्ये एक ते दीड जेवणाची सुट्टी, म्हणजे कामाचे आठ तास. यातले आकडे उदाहरणाचे आहेत, पण अशा लाइनवर ते सहज दिसावेत असेच आहेत.

तक्त्यातला पहिला आकडा टार्गेटचा, आणि तो मालकाच्या इच्छेवरून ठरवला की पुढचे सगळे आकडे निरर्थक होतात. टार्गेट निघते ते कामाच्या मिनिटांवरून. शर्टाच्या प्रत्येक कामाला, खिसा लावणे, खांदा जोडणे, कॉलर बसवणे, बाही, साइड, घेर, काज आणि बटण या सगळ्यांना, घड्याळ लावून वेळ मोजतात. एकाच फेरीवर भरवसा न ठेवता आठ-दहा फेऱ्यांची सरासरी घेतात, कारागीर नेहमीपेक्षा जलद किंवा संथ वाटला तर तेवढी दुरुस्ती करतात आणि धागा बदलणे, बॉबिन भरणे, पाणी प्यायला उठणे यासाठी वर थोडी मिनिटे धरतात. सगळ्या कामांची बेरीज म्हणजे त्या शर्टाची प्रमाण मिनिटे. कारखान्यात याला सॅम म्हणतात. आपल्या शर्टाचा सॅम १६ मिनिटे धरू.

सोळा कारागिरांचे आठ तास म्हणजे ७,६८० मिनिटे. त्यांना १६ ने भागले की ४८० शर्ट येतात. पण हा आकडा कागदावरचाच. एकाचे काम संपते तेव्हा दुसऱ्याचे अडलेले असते, बंडल वेळेवर येत नाही, सुई मोडते. छोट्या युनिटात निम्मी कार्यक्षमता टिकली तरी लाइन बरी चालली असे म्हणतात. म्हणून ५० टक्के धरून दिवसाचे टार्गेट २४० आणि तासाचे ३०. तक्ता संगणकावर एक्सेलमध्ये केला असेल, तर कारागिरांची संख्या `B3` मध्ये, सॅम `B4` मध्ये आणि धरलेली कार्यक्षमता `B5` मध्ये लिहून तासाचे टार्गेट असे काढता येते :

```
=ROUNDDOWN(60*B3*B5/B4,0)
```

या आकड्याची आणखी एक परीक्षा घ्यावी लागते. लाइनमधले सर्वांत संथ काम तासाला किती पीस देते? शर्टात हे काम बहुधा कॉलर बसवण्याचे असते. एकच कारागीर ते करत असेल आणि त्याला एका शर्टामागे दोन मिनिटे लागत असतील, तर तासाला तीसच शर्ट पुढे जाणार. बाकीचे पंधरा जण कितीही चपळ असले तरी टार्गेट ४० लिहून काही उपयोग नाही. नवा नमुना लाइनवर चढतो त्या पहिल्या दोन-तीन दिवसांचे टार्गेटही कमीच लिहावे. हात बसेपर्यंत पूर्ण टार्गेट लिहिले, तर रोज ते चुकते आणि त्या रकान्याकडे बघण्याची सवयच मोडते.

आता मोजायचे कुठे, ते ठरवायला हवे. लाइनमध्ये पीस दहा ठिकाणी मोजता येतो, पण तक्त्यासाठी एकच जागा असावी : काज-बटण होऊन धागे कापल्यानंतरचे तपासणीचे टेबल. चेकर तिथे प्रत्येक शर्ट उलटसुलट बघतो आणि तीनपैकी एका ढिगात टाकतो. पास, अल्टर किंवा रिजेक्ट. अल्टर म्हणजे उसवून नीट करता येईल असा दोष : कॉलरची टोके खालीवर, टाका सुटलेला, खिसा तिरका. रिजेक्ट म्हणजे जो शिवणीने सुधारणार नाही : कापड कापले गेले, भोक पडले, विणीतच गाठ किंवा पट्टा आला. तेलाचा डाग आधी अल्टरमध्ये जातो, धुऊन निघाला नाही तरच रिजेक्टमध्ये.

दुरुस्त होऊन आलेला शर्ट चेकर पुन्हा तपासतो. हा पास झाला तर त्याचा रकाना वेगळा, 'अल्टर होऊन पास'. ही चौथी रेघ आखलेली असली की हिशेब बंद होतो, नसली की उघडा राहतो. आपल्या युनिटचा एका दिवसाचा भरलेला तक्ता असा :

| वेळ | टार्गेट | पहिल्या तपासणीत पास | अल्टर | रिजेक्ट | अल्टर होऊन पास | शेरा |
|---|---|---|---|---|---|---|
| ९–१० | ३० | २४ | २ | ० | ० | बंडल उशिरा आले |
| १०–११ | ३० | २८ | २ | ० | ३ | |
| ११–१२ | ३० | २७ | ३ | १ | २ | कॉलरवर बदली कारागीर |
| १२–१ | ३० | १४ | ३ | ० | २ | लाइट गेली, २५ मिनिटे. कॉलरवर बदली |
| १:३०–२:३० | ३० | २२ | ६ | ० | १ | |
| २:३०–३:३० | ३० | २३ | ७ | १ | ४ | |
| ३:३०–४:३० | ३० | २६ | ३ | ० | ६ | |
| ४:३०–५:३० | ३० | २८ | २ | १ | ५ | |
| एकूण | २४० | १९२ | २८ | ३ | २३ | |

दिवसाचा चांगला माल म्हणजे पहिल्या तपासणीत पास झालेले १९२ आणि दुरुस्तीनंतर पास झालेले २३, मिळून २१५. टार्गेटपेक्षा २५ कमी.

हाच दिवस तीन रकान्यांच्या वहीत कसा दिसला असता ते पाहण्यासारखे आहे. तिथे चेकर टेबलावर आलेला प्रत्येक पीस मोजतो. पहिल्यांदा आलेले २२३ आणि दुरुस्त होऊन दुसऱ्यांदा आलेले २३ मिळून २४६. टार्गेट २४०, उत्पादन २४६, रिजेक्ट ३. वही पाहणारा खूश होतो. पण पॅकिंगला गेलेले शर्ट २१५च असतात. मधला ३१ पीसांचा फरक म्हणजे २८ अल्टर आणि ३ रिजेक्ट. असे चार-पाच दिवस गेले की वहीतली ऑर्डर पुरी झालेली असते, आणि पार्टीचा टेम्पो दारात उभा राहिल्यावर शेदीडशे पीस कमी भरतात. यात चोरी कोणी केलेली नसते, आखणीच चुकलेली असते.

आकडे खरे आहेत की नाहीत हे तपासायचा साधा मार्ग म्हणजे लाइनमधली शिल्लक. त्यासाठी तासांच्या तक्त्याखाली एक छोटी चौकट असावी. सकाळी लाइनमध्ये किती पीस होते, त्यांतले अल्टरचे किती, दिवसभरात कटिंगमधून किती पीस चढवले, आणि संध्याकाळी किती उरले. आपल्या दिवशी सकाळी लाइनमध्ये ८६ पीस होते, त्यांत कालचे ९ अल्टर. दिवसभरात २५ पीसांची दहा बंडले चढली, म्हणजे २५०. एकूण ३३६. त्यातून चांगले २१५ आणि रिजेक्ट ३ बाहेर गेले. उरले ११८.

अल्टरचा हिशेबही असाच वेगळा जुळतो. सकाळचे ९, आजचे २८, दुरुस्त होऊन गेलेले २३, म्हणून उरले १४. म्हणजे संध्याकाळी मशीनांवर आणि बंडलांत १०४, अल्टरच्या टोपलीत १४ पीस दिसायला हवेत. सुपरवायझर साडेपाचला प्रत्यक्ष मोजतो आणि तो आकडा हिशेबाच्या शेजारी लिहितो. ११८ ऐवजी ११६ भरले, तर दोन पीस कुठे गेले हे त्याच संध्याकाळी शोधायचे. बहुधा ते मशीनच्या पायाशी पडलेले असतात, दुसऱ्या बंडलात मिसळलेले असतात किंवा बिघडलेला पीस कारागिराने ओरड्याच्या भीतीने खुर्चीखाली सारलेला असतो. आठवड्यानंतर शोधायला गेले तर यातले काहीच सापडत नाही. उद्याच्या तक्त्यात सकाळची शिल्लक म्हणून हाच मोजलेला आकडा उतरवतात.

दुरुस्तीच्या वेळी उसवताना कापड फाटले आणि अल्टरचा पीस रिजेक्ट झाला, तर तो तासाच्या रकान्यात पुन्हा लिहू नये. त्यासाठी शिल्लकेच्या चौकटीत 'अल्टरमधून रिजेक्ट' अशी एक ओळ ठेवतात आणि तो आकडा अल्टरच्या शिल्लकेतून वजा करतात. ही ओळ महिनाभर कोरीच राहिली तर दुरुस्तीचे काम चांगल्या हाती आहे असे समजावे, किंवा कोणीतरी फाटलेले पीस लपवतो आहे असे.

टक्केवारी काढताना भागायचे कशाने, यावर गोंधळ होतो. दोषाचे प्रमाण काढताना भाजक 'पहिल्यांदा तपासलेले पीस' हाच घ्यायचा, म्हणजे २२३. दोष असलेले पीस ३१, म्हणून प्रमाण जवळजवळ १४ टक्के. नुसते रिजेक्ट ३, म्हणजे १.३ टक्के. मोठ्या कारखान्यांत याखेरीज शंभर पीसांमागे दोष किती, हेही मोजतात. एका शर्टात दोन दोष असू शकतात, त्यामुळे दोषांची संख्या दोषी पीसांपेक्षा जास्त येते. आपल्या दिवशी ३१ पीसांत मिळून ३८ दोष होते, म्हणजे शंभरामागे १७. मोठ्या खरेदीदाराचा माणूस हा आकडा विचारतो, कारण एकाच पीसात दोष साचत असतील तर ते त्यात दिसते.

कार्यक्षमताही त्याच पानावर निघते. चांगले २१५ पीस गुणिले १६ मिनिटे म्हणजे ३,४४० मिनिटांचे काम हाती आले. हजेरीची मिनिटे ७,६८०, पण कॉलरची कारागीर दोन तास नव्हती, म्हणून १२० वजा करून ७,५६०. भागाकार ४५.५ टक्के. लाइट गेलेली मिनिटे मात्र वजा करायची नाहीत. ती वजा केली की प्रत्येक अडचणीला सूट मिळते आणि महिन्याअखेर कार्यक्षमता उत्तम दिसते, पगाराचे पैसे मात्र त्या मिनिटांचेही गेलेले असतात. लाइटचा हिशेब शेऱ्यात राहू द्यावा : हजर पंधरा जणांची २५ मिनिटे म्हणजे ३७५ मिनिटे, आणि या वेगाने एका शर्टाला ३२ मिनिटे लागतात, म्हणून साधारण अकरा-बारा शर्ट. बारा ते एकच्या तासात चांगले पीस १६ निघाले, १४ कमी. बराचसा खड्डा लाइटचाच.

दिवसभराची एकच बेरीज न मांडता तास वेगळे लिहायचे ते अशा वाचनासाठी. पण ते वाचताना एक चूक अगदी सहज होते. दुपारी दीड ते साडेतीन या दोन तासांत अल्टर एकदम वाढले, सहा आणि सात. बघणारा लगेच म्हणतो, जेवणानंतर कारागिरांचे लक्ष नव्हते. खालच्या दोषांच्या चौकटीत ३८ पैकी १२ दोष कॉलरचे आहेत आणि ते बहुतेक याच दोन तासांतले आहेत. म्हणून कॉलरच्या मशीनपाशी जाऊन बघावे, तर कारागीर दीडपासून जागेवर आहे आणि तिचे काम स्वच्छ आहे.

उत्तर शेऱ्यात आहे. ती अकरा ते एक नव्हती आणि तिच्या जागी साइड जोडणारा बदली बसला होता. त्याने बसवलेली वाकडी कॉलर तेव्हाच्या तेव्हा टेबलावर येत नाही. कॉलरनंतर बाही, साइड, घेर, काज आणि बटण ही कामे उरतात आणि त्या टप्प्यांवर त्या वेळी पन्नासेक पीस रांगेत होते. तासाला तीसच्या आसपास वेगाने ते सरकायला पावणेदोन तास लागतात. अकराला बसवलेली पहिली कॉलर, मध्ये लाइट आणि जेवण धरून, पावणेदोनच्या सुमारास टेबलावर आली. एकला बसवलेली शेवटची सव्वातीनला. दोष टेबलावर दिसतो तो तास आणि दोष तयार झाला तो तास, यांत लाइनमधल्या शिल्लकेइतके अंतर असते. शिल्लक तीनशे पीसांची असेल तर आज सकाळी दिसणारा दोष काल केलेला असतो, आणि तोवर तसलेच आणखी कितीतरी पीस रांगेत चढलेले असतात. लाइनमध्ये माल कमी ठेवावा असे मास्टर सांगतात त्यामागे हेही एक कारण आहे.

दोषांच्या चौकटीत आठ-दहा ओळी पुरतात. प्रत्येक ओळीत दोषाचे नाव आणि पुढे खुणा मारायला मोकळी जागा : चार उभ्या रेघा आणि पाचवी आडवी. आपल्या दिवशी कॉलर १२, टाका सुटणे ७, शिवण उघडी ५, खिसा तिरका ५, काज-बटण ४, तेलाचा डाग २, कापड कापले जाणे २, कापडातला दोष १. कापले गेलेले दोन्ही शर्ट साइडच्या कामावरचे होते. ओव्हरलॉकला कापडाची कड छाटणारे पाते असते, खालच्या पदराची घडी त्यात गेली की पीस संपला. दोन पीस हा आकडा लहान वाटतो, पण दोन्ही एकाच मशीनवरचे असतील तर उद्या सकाळी त्या मशीनपाशी आधी जायचे. कापडातल्या दोषाचा पीस मात्र शिलाईच्या माथी मारू नये. तो कटिंगला किंवा कापड देणाऱ्या पार्टीला दाखवायचा असतो, म्हणून त्याची ओळ वेगळी.

रिजेक्ट पीसांना तक्त्यावर बंडल क्रमांक आणि साइजही लिहितात. कारण बदली भाग कापायचा झाला तर तो त्याच थानातून कापावा लागतो. पांढऱ्या शर्टातही दोन थानांची झाक वेगळी असते, आणि पाठ एका थानाची, पुढचा भाग दुसऱ्याचा असा शर्ट उन्हात लगेच ओळखू येतो.

छपाईसाठी ए-फोर कागद आडवा वापरतात. डावीकडे फाइलच्या छिद्रांसाठी दीड-दोन सेंटिमीटर जागा सोडावी, आणि ओळींची उंची हाताने लिहिता येईल अशी, आठ मिलिमीटरच्या खाली नको. वर तारीख, लाइन, पार्टी आणि ऑर्डर क्रमांक, नमुना, हजर कारागीर, सॅम आणि टार्गेट. मध्ये तासांचा तक्ता. खाली डावीकडे दोष, उजवीकडे शिल्लक, आणि सर्वांत खाली चेकर व सुपरवायझरच्या सह्या. रकान्यांना गडद राखाडी रंग देऊ नये, झेरॉक्समध्ये तो काळा होतो आणि पेनाने लिहिलेले दिसत नाही. मराठी मजकूर युनिकोड फॉन्टमध्ये टाइप करावा आणि झेरॉक्सच्या दुकानात पीडीएफच न्यावी. जुन्या फॉन्टमधली फाइल दुसऱ्या संगणकावर उघडली की अक्षरांचा चिवडा होतो, आणि एक्सेलची फाइल दुसरीकडे दोन पानांवर तुटते.

तक्ता टेबलाशेजारी पाटीला लावलेला असावा आणि दर तासाला भरला जावा. संध्याकाळी एकदम भरलेला तक्ता ओळखणे कठीण नाही : शाई एकसारखी, आकडे २८, ३०, २९, ३० असे गुळगुळीत, लाइट गेलेल्या तासालाही २९. पीसावर मजुरी असलेल्या युनिटात आणखी एक अडचण येते. दुरुस्तीचे पैसे मिळत नसतील तर कारागीर चेकरशी बोलून अल्टर तोंडी परत घेतो आणि तो कागदावर येतच नाही. तेव्हा अल्टरची टोपली चेकरच्या हाताखाली ठेवावी आणि पीसाला दोषाच्या जागी रंगीत चिकटपट्टी लावूनच तो परत द्यावा.

या पानाला मर्यादाही आहे. कोणत्या कारागिराने किती काम केले हे त्यातून कळत नाही, त्यासाठी बंडलाच्या चिठ्ठ्या वेगळ्या लागतात. दिवसाच्या मध्ये नमुना बदलला आणि शर्टानंतर पिनाफोर चढले, तर दोघांचा सॅम वेगळा असल्याने पीसांची बेरीज करता येत नाही. अशा दिवशी दोन पाने भरतात, प्रत्येकाचे टार्गेट त्याच्या तासांपुरते काढतात आणि कार्यक्षमता काढताना दोन्ही पानांवरची मिनिटे एकत्र घेतात.